वरण, भात आणि तूप: पचनाचे उत्तर बोर्डाच्या पेपरसाठी कसे तयार करावे

पचनावरचा प्रश्न बोर्डाच्या पेपरात बहुतेक वेळा साधाच असतो. ‘लहान आतड्यातील पचन स्पष्ट करा’, ‘प्रथिनांचे पचन लिहा’, ‘मेदाचे शोषण कसे होते?’ तरीही गुण जातात. कारण एकच असते: विकरांचा तक्ता अवयवानुसार आडवा पाठ केलेला असतो. त्यात अमायलेझ दोन ठिकाणी येते, लायपेझ तीन ठिकाणी, आणि प्रथिनांच्या विकरांची नावे तर एकमेकांत पार मिसळून जातात. परीक्षेत नाव आठवते, पण ते कोणत्या अवयवातले, कशावर चालते आणि पुढे काय देते, हे सुटते.

त्यापेक्षा तक्ता उभा वाचावा. एक ताट समोर धरा: भात, तुरीचे वरण, वर तूप. भातात मुख्यतः स्टार्च, वरणात प्रथिने (थोडे स्टार्चही), तुपात मेद. या तिघांपैकी एकेकाला तोंडापासून रक्तापर्यंत न्यायचे आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. प्रत्येकाचा शेवट आधीच ठाऊक असतो: स्टार्चचा ग्लुकोज, प्रथिनांचा अमिनो आम्ले, मेदाचा मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड. आतड्याच्या भिंतीतून जाऊ शकेल इतका रेणू लहान झाला की पचन संपले आणि शोषण सुरू झाले.

पायरी १: कागद आखा

कोऱ्या पानावर तीन उभे रकाने करा: स्टार्च, प्रथिने, मेद. डावीकडे चार जागा लिहा: तोंड, जठर, लहान आतड्याची पोकळी, लहान आतड्याची भिंत. आतडे एक असताना त्याच्या दोन जागा का? कारण पोकळीत काम करणारी विकरे मुख्यतः स्वादुपिंडातून येतात, तर साखरेचे शेवटचे तुकडे करणारी विकरे आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर, म्हणजे सूक्ष्म विलायांवरच बसलेली असतात. हा एक फरक लक्षात राहिला की अर्धा गोंधळ मिटतो.

प्रत्येक जागेसमोर पीएच लिहा: लाळ सुमारे ६.८, जठर सुमारे १.८, लहान आतडे सुमारे ७.८. पाठ्यपुस्तकांत दशांशाचा फरक दिसेल. आपल्या पुस्तकातला आकडा लिहावा. महत्त्व आकड्यापेक्षा उडीला आहे. किंचित आम्ल, मग तीव्र आम्ल, मग अल्कधर्मी. प्रत्येक उडीला आधीचे विकर थांबते आणि पुढच्याला अनुकूल जागा मिळते.

आता घरे भरा. रिकामी राहणारी घरेही तितक्याच गांभीर्याने रिकामी ठेवा. जठरासमोर स्टार्चचे घर रिकामे असते, कारण जठररसात स्टार्च तोडणारे विकर नसते. तोंडासमोर प्रथिनांचे घर रिकामे असते. एक गुणाच्या प्रश्नात नेमके हेच विचारतात.

पायरी २: भाताचा रकाना

तोंडात लाळेतले अमायलेझ (जुने नाव टायलिन) स्टार्चच्या लांब साखळीला मधूनमधून तोडते. तयार होते माल्टोज आणि काही लहान तुकडे, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. इथे ग्लुकोज तयार होत नाही. ‘लाळेमुळे स्टार्चचे ग्लुकोज होते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास सापडते आणि ते चूक आहे.

पाठ्यपुस्तकांनुसार सुमारे ३० टक्के स्टार्च या टप्प्यात तुटते. घास तोंडात असतो जेमतेम काही सेकंद, मग एवढे कसे? जठरात गेल्यावर घासाचा गोळा लगेच आम्लात विरघळत नाही. आम्ल आतपर्यंत झिरपेपर्यंत गोळ्याच्या मध्यभागी अमायलेझ काम करत राहते. पीएच खाली गेला की ते थांबते.

आद्यांत्रात स्वादुरसातले अमायलेझ उरलेले स्टार्च तोडते. इथेही उत्पन्न माल्टोज आणि डेक्स्ट्रिनच. शेवटचा घाव भिंतीवर: माल्टेझ माल्टोजचे दोन ग्लुकोज करते. त्याच भिंतीवर सुक्रेझ उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, लॅक्टेझ दुधातल्या लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करते.

लॅक्टेझ कमी पडले तर काय होते, हा कारणे द्या प्रकारातला उत्तम प्रश्न आहे. लॅक्टोज न तुटता मोठ्या आतड्यात जाते. तिथले जीवाणू ते आंबवतात, वायू तयार होतो, आणि न शोषलेली साखर पाणी आतड्यातच धरून ठेवते. म्हणून दूध प्यायल्यावर पोट फुगते आणि जुलाब होतात. दह्याचा त्रास अशा माणसांना सहसा कमी होतो, कारण विरजणाच्या जीवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच वापरलेला असतो.

हे डोळ्यांनी बघायचे असेल तर

लाळेच्या अमायलेझचा प्रयोग प्रात्यक्षिकात येतो, आणि मला वाटते या धड्यातले सगळ्यात उपयोगी अर्ध्या तासाचे काम तेच आहे. १ ग्रॅम स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळून थंड होऊ द्या. स्वच्छ चूळ भरल्यावर कोमट पाण्याचा एक घोट मिनिटभर तोंडात धरून कापसातून गाळून घ्या. हे झाले लाळेचे विरल द्रावण. परीक्षानळीत ५ मिलिलिटर स्टार्च, १ मिलिलिटर १ टक्का मिठाचे पाणी आणि १ मिलिलिटर लाळेचे द्रावण घालून नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा. मीठ घालायचे कारण असे की या अमायलेझला क्लोराइड आयन लागतात.

पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीने टाकून ठेवा. दर दोन मिनिटांनी नळीतला एक थेंब एकेका आयोडीनच्या थेंबात मिसळा. पहिला थेंब निळा-काळा होतो. नंतरचे जांभळट, मग तांबूस, आणि एका क्षणी आयोडीनचा पिवळसर रंग तसाच राहतो. तो बिंदू म्हणजे स्टार्च संपले. शेजारी दुसऱ्या नळीत उकळून थंड केलेली लाळ घातलेली असली तर तिचा थेंब शेवटपर्यंत निळा-काळाच येतो, कारण उकळल्याने विकराची रचना मोडलेली असते.

बिघडते कुठे? लाळ फार घट्ट असली तर पहिल्याच थेंबाला रंग येत नाही आणि मुले ‘प्रयोग चुकला’ म्हणतात. लाळ आणखी पातळ करून पुन्हा घ्यावी. द्रावण गरम असताना आयोडीन टाकले तर स्टार्च असूनही निळा रंग उडतो, म्हणून थेंब टाइलवर थंड होऊ द्यावा. नळ्यांसाठी एकच ड्रॉपर वापरला तर उकळलेल्या लाळेच्या नळीत जिवंत विकर शिरते आणि तिथेही स्टार्च तुटू लागते.

पायरी ३: वरणाचा रकाना

हा रकाना सर्वांत जास्त गुण खातो, कारण इथे विकरे निष्क्रिय रूपात स्रवतात आणि त्यांना कोण जागे करते तेही लिहावे लागते. आधी कारण समजून घ्या. पेशी स्वतः प्रथिनांनी बनलेली असते. प्रथिने तोडणारे विकर सक्रिय रूपात साठवले तर ते ज्या पेशीत तयार झाले तिलाच खाईल. अमायलेझ आणि लायपेझ मात्र स्वादुपिंडातून सक्रिय रूपातच येतात.

जठरात चीफ पेशी पेप्सिनोजेन स्रवतात आणि पराइटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लामुळे पेप्सिनोजेनचे पेप्सिन होते. थोडे पेप्सिन तयार झाले की तेही उरलेल्या पेप्सिनोजेनला जागे करते. पेप्सिन प्रथिनांचे प्रोटिओज आणि पेप्टोन करते. इथेही अमिनो आम्ले नाहीत, तुकडे अजून मोठेच आहेत. आम्लाचे काम निव्वळ पेप्सिन जागे करण्यापुरते नाही: ते प्रथिनांच्या घड्या उलगडते, अन्नातले बरेच जीवाणू मारते आणि पेप्सिनला हवा तसा पीएच ठेवते. जठराच्या भिंतीला वाचवतो श्लेष्म आणि त्यातला बायकार्बोनेट.

पराइटल पेशी आणखी एक गोष्ट देतात, ती विसरू नका: इन्ट्रिन्सिक फॅक्टर. त्याच्याशिवाय शेषांत्रात बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही.

आता आद्यांत्र. आम्लयुक्त पातळ अन्न इथे आले की स्वादुपिंडातला बायकार्बोनेट आम्ल मारतो आणि पेप्सिनचे काम तिथेच संपते. स्वादुरसात ट्रिप्सिनोजेन, कायमोट्रिप्सिनोजेन आणि प्रोकार्बोक्सिपेप्टिडेझ अशी तीन निष्क्रिय विकरे असतात. त्यांतले फक्त पहिले आतड्याच्या भिंतीतल्या एन्टेरोकायनेझमुळे जागे होते: ट्रिप्सिनोजेनचे ट्रिप्सिन. पुढची साखळी ट्रिप्सिन चालवते. तेच कायमोट्रिप्सिनोजेनचे कायमोट्रिप्सिन आणि प्रोकार्बोक्सिपेप्टिडेझचे कार्बोक्सिपेप्टिडेझ करते.

एन्टेरोकायनेझ स्वादुपिंडात तयार होत नाही, आतड्याच्या श्लेष्मल स्तरात तयार होते. हे वाक्य दोनदा वाचा. किल्ली मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली आहे, म्हणून विकर ग्रंथीत असताना कुलूप उघडत नाही. ही व्यवस्था बिघडून ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागे झाले तर ते ग्रंथीच पचवू लागते. त्यालाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात.

या विकरांनी पेप्टोनचे लहान पेप्टाइड होतात. भिंतीवरची पेप्टिडेझ आणि डायपेप्टिडेझ त्यांची अमिनो आम्ले करतात. काही दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे तसेच पेशीत शिरतात आणि आत तुटतात, पण बोर्डाच्या उत्तरात ‘डायपेप्टिडेझ: डायपेप्टाइडपासून अमिनो आम्ले’ एवढे पुरते.

पाठ्यपुस्तकांनुसार रेनिन हे विकर अर्भकांच्या जठरातले, दुधातले प्रथिन गोठवणारे. मोठ्या माणसाच्या पचनाच्या उत्तरात ते घालू नये. आणि मूत्रपिंडातल्या रक्तदाबाशी संबंधित असलेल्या, नावाने जवळपास तसाच उच्चार होणाऱ्या रेनिनशी त्याचा काही संबंध नाही.

पायरी ४: तुपाचा रकाना

तोंड आणि जठर इथे जवळपास रिकामे आहेत. जिभेच्या ग्रंथींतले आणि जठरातले लायपेझ थोडे काम करते, पण प्रौढ माणसात मेदाचे खरे पचन आद्यांत्रातच होते.

अडचण अशी की तूप पाण्यात मिसळत नाही आणि लायपेझ पाण्यात असते. मोठ्या थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर त्याचा हात पोहोचतो. तुपकट पातेल्याला साबण लावल्यावर चिकट थर सुटून बारीक थेंब होतात, तसे काम पित्तक्षार करतात. याला पायसीकरण म्हणतात. थेंब बारीक झाले की पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो.

पित्तरसात एकही पाचक विकर नसते. तो तयार होतो यकृतात, साठतो पित्ताशयात. पायसीकरणात रेणू तुटत नाही, फक्त थेंब लहान होतो. म्हणून ‘पित्तरस मेदाचे पचन करतो’ असे न लिहिता ‘पित्तक्षार मेदाचे पायसीकरण करतात, त्यामुळे लायपेझचे काम सोपे होते’ असे लिहावे.

स्वादुपिंडाचे लायपेझ ट्रायग्लिसराइडच्या तीन मेदाम्लांपैकी कडेची दोन सोडवते. हाती येतात दोन मेदाम्ले आणि एक मोनोग्लिसराइड. काही पुस्तकांत शेवटचे उत्पन्न ‘मेदाम्ले आणि ग्लिसरॉल’ दिलेले असते. ज्या पुस्तकातून परीक्षा आहे त्यातले लिहावे, पण शोषणाचा भाग समजायला मोनोग्लिसराइड लक्षात ठेवणे सोयीचे जाते.

पायरी ५: शोषणाची दोन दारे

लहान आतड्याची आतली बाजू घड्यांनी, घड्यांवरच्या विलायांनी आणि विलायांच्या पेशींवरच्या सूक्ष्म विलायांनी वाढलेली असते. सपाट नळीच्या तुलनेत पृष्ठभाग सुमारे ६०० पट होतो असे पुस्तकांत सांगतात. विलायाची आकृती जरूर काढा आणि त्यात तीन गोष्टी ठळक दाखवा: एकपदरी पेशींचे आवरण, रक्तकेशिकांचे जाळे आणि मधोमध असलेली लसिकावाहिनी, म्हणजे लॅक्टील. उत्तराचा सांधा याच दोन नळ्यांत आहे.

ग्लुकोज आणि अमिनो आम्ले रक्तकेशिकांत जातात, तिथून निवाहिका शिरेने थेट यकृतात. फ्रुक्टोजही रक्तातच जाते, मात्र ऊर्जा न वापरता, वाहक प्रथिनाच्या मदतीने. ग्लुकोज कसे शिरते हे थोडे सावकाश बघू. पेशीच्या तळाकडचा पंप एटीपी खर्चून सोडियम रक्ताच्या बाजूला फेकत राहतो, त्यामुळे पेशीत सोडियम कमी पडते. आतड्याच्या पोकळीतले सोडियम आत यायला धावते, आणि त्याच वाहक प्रथिनावरून ग्लुकोज सोबत येते. ग्लुकोजसाठी एटीपी सरळ खर्च होत नाही, म्हणून याला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात.

ओआरएसचे तत्त्व हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज (सोबत पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट) असते. पटकीत आतडे पाणी बाहेर टाकत असते, तरी सोडियम-ग्लुकोजचे हे दार चालू राहते आणि त्यांच्यामागे पाणीही आत ओढले जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच साखर-मिठाचे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले. नुसत्या मिठाच्या पाण्याने हे साधत नाही, आणि साखर जास्त झाली तर उलटे पाणी आतड्यात ओढले जाते.

तुपाची वाट वेगळी. मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड पित्तक्षारांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे मिसेलमध्ये बसून पेशीच्या कडेपर्यंत येतात. पित्तक्षार बाहेरच राहतात आणि पुढे शेषांत्रात शोषले जाऊन यकृतात परततात. पेशीच्या आत मेदाम्लांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड होते. होय, तोडलेले पुन्हा जोडले जाते. त्याभोवती प्रथिनांचे आवरण चढते आणि कायलोमायक्रॉन तयार होतो. तो रक्तकेशिकेत शिरायला फार मोठा असतो, म्हणून लॅक्टीलमध्ये जातो. तिथून वक्षीय लसिकावाहिनीने डाव्या अवजत्रुक शिरेजवळ रक्तात मिसळतो. तुपातली ब्युटिरिक आम्लासारखी आखूड साखळीची मेदाम्ले मात्र या फेऱ्यात न पडता सरळ निवाहिका शिरेत जातात.

काइम आणि काइल यांत घोटाळा करू नका. जठरातून येणारे आम्लयुक्त पातळ अन्न ते काइम. मेदयुक्त जेवणानंतर लॅक्टीलमधली दुधाळ लसिका ती काइल.

मोठ्या आतड्यात विकरांचे पचन नाही. पाणी, काही क्षार आणि जीवाणूंनी बनवलेले के जीवनसत्त्व व काही बी जीवनसत्त्वे इथे शोषली जातात. तूरडाळीच्या सालीतले सेल्युलोज आपल्याकडे विकरच नसल्याने तसेच पुढे जाते.

पायरी ६: एक प्रश्न सोडवून बघू

‘पित्तनलिकेत खडा अडकला. अन्नाच्या पचनावर आणि शोषणावर काय परिणाम होतील?’ असा प्रश्न आला तर तीन रकाने समोर धरा.

भाताच्या रकान्यात पित्त कुठेच नाही, म्हणून स्टार्चचे पचन चालू राहते. वरणाच्या रकान्यातही नाही, प्रथिनांचे पचनही चालू. तुपाच्या रकान्यात दोन ठिकाणी पित्तक्षार आहेत: पायसीकरणात आणि मिसेलमध्ये. म्हणून मेदाचे पचन मंदावते, शोषण त्याहून कमी होते आणि मेद मळातून बाहेर पडतो. मळ तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होतो. पित्तरंजकेही आतड्यात पोहोचत नसल्याने त्याचा रंग फिकट, मातकट होतो. मेदासोबत शोषली जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात; के कमी झाल्याने रक्त गोठायला उशीर लागू शकतो. अडलेले बिलिरुबिन रक्तात वाढते आणि त्वचा व डोळे पिवळे दिसतात.

इथपर्यंतच्या उत्तरात एक गृहीतक आहे: खडा स्वादुनलिका येऊन मिळण्याच्या वर आहे. तो आणखी खाली, दोन्ही नलिका एकत्र येऊन आद्यांत्रात उघडतात त्या तोंडाशी अडकला तर स्वादुरसही अडतो. मग स्वादुपिंडाचे अमायलेझ, लायपेझ आणि प्रथिनांची विकरे अशी तिन्ही रकान्यांतली विकरे आतड्याला मिळेनाशी होतात, आणि अडलेल्या ग्रंथीत ट्रिप्सिन जागे होऊन दाह होण्याचा धोका निर्माण होतो. आकृतीत खडा जिथे दाखवला असेल ती जागा आधी नीट पाहून घ्यावी आणि मगच पहिले वाक्य लिहावे.